पाइप अडीच इंची, व्हॉल्व्ह सव्वा इंची

चिल्ड वॉटरच्या कूलिंग कॉइलवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह किती मोठा घ्यायचा, हे पाइपचा व्यास पाहून ठरवता येत नाही. आयसोलेशन व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, बेंड या गोष्टी जितका कमी दाब खातील तितक्या चांगल्या. कंट्रोल व्हॉल्व्हला मात्र दाब खावाच लागतो, कारण त्या दाबाच्या जोरावरच तो पाण्यावर ताबा ठेवतो. पाइप अडीच इंची म्हणून व्हॉल्व्हही अडीच इंची मागवला, की तो पूर्ण उघडा असताना जवळजवळ काहीच अडवत नाही. पुढे तो निम्मा बंद झाला तरी कॉइलला त्याचा पत्ता लागत नाही.

या ताब्याला ऑथॉरिटी म्हणतात आणि ती एका भागाकाराने मोजतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना, ठरलेला प्रवाह वाहत असताना, त्याच्यावर किती दाब पडतो ते वर लिहायचे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना त्याच्यावर किती दाब पडतो ते खाली लिहायचे. बंद व्हॉल्व्हमधून पाणी वाहत नसल्याने कॉइल, पाइप, स्ट्रेनर काहीच खात नाहीत आणि शाखेचा सगळा दाब एकट्या व्हॉल्व्हवर येतो. भागाकार 0.5 आला तर उघड्या अवस्थेत शाखेतला निम्मा दाब व्हॉल्व्ह खातो. हे उत्तम मानले जाते. 0.25 ते 0.3 पर्यंत काम भागते. 0.1 च्या खाली गेले की व्हॉल्व्ह नावापुरताच उरतो.

दुसरी संख्या केव्ही. व्हॉल्व्हवर 1 बार, म्हणजे 100 किलोपास्कल दाब पडला असता तासाला जितके घनमीटर पाणी त्यातून जाते, तो त्याचा केव्ही. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हचा केव्ही कॅटलॉगमध्ये केव्हीएस म्हणून छापलेला असतो. हिशेबाचे सूत्र एवढेच:

```
Kv = Q / √ΔP
Q : m³/h,  ΔP : bar
```

भारतात अनेक कॅटलॉग गॅलन आणि पीएसआयच्या हिशेबाने सीव्ही देतात. सीव्हीचा आकडा केव्हीच्या 1.156 पट असतो. सीव्ही 18.5 आणि केव्ही 16 हा एकच व्हॉल्व्ह. दोन्ही आकडे एकाच रकान्यात मिसळले तर 15 टक्क्यांची चूक होते, आणि ती कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही.

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाचा एएचयू उदाहरणादाखल घेता येईल. व्हॉल्व्हचा हिशेब करण्याआधी कॉइलवरचा भार नीट समजला पाहिजे, कारण मराठवाड्यात तो थर्मामीटरवरून कळत नाही. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असतो, पण हवा कोरडी असते. ऑगस्टमध्ये तो 30 च्या आसपास उतरतो आणि हवा ओली होते. ओल्या हवेतली बाष्परूपातली उष्णता धरली, तर ताज्या हवेचा कॉइलवरचा भार ऑगस्टमध्ये मेपेक्षा फारसा कमी नसतो, काही दिवशी तर जास्तच भरतो. डिसेंबरच्या रात्री मात्र तो तळाला जातो. म्हणजे एकाच व्हॉल्व्हला पूर्ण प्रवाहही द्यायचा आहे आणि वर्षातले कित्येक तास दहा-वीस टक्के भारावर स्थिरही राहायचे आहे. मोठ्या व्हॉल्व्हला नेमके हेच दुसरे काम जमत नाही.

लातूरबाबत एक टीप. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंच आहे, नांदेड त्याहून बरेच खाली. लातूरची हवा मुंबईच्या मानाने सुमारे सात टक्के विरळ, त्यामुळे तोच पंखा तेवढीच घनफूट हवा फेकतो, पण तिचे वजन कमी भरते. समुद्रसपाटीच्या कॅटलॉगमधली कॉइलची क्षमता तशीच उचलू नये. उंचीची ही दुरुस्ती हवेच्या बाजूला करायची असते. पाण्याच्या प्रवाहाच्या आणि केव्हीच्या सूत्राला उंचीशी देणेघेणे नाही.

दुरुस्ती करून कॉइलची क्षमता 20 टन, म्हणजे सुमारे 70 किलोवॅट आली असे धरू. पाणी 7 अंशांना आत येते आणि 12.5 अंशांना बाहेर पडते. साडेपाच अंशांच्या फरकावर 70 किलोवॅट उचलायला सेकंदाला सुमारे 3 लिटर, तासाला 11 घनमीटर पाणी लागते. या प्रवाहाला अडीच इंची, म्हणजे 65 मिमी पाइप सोयीचा. त्यात वेग सेकंदाला एका मीटरच्या आत राहतो. कॉइल 25 किलोपास्कल खाते. शाखेतले पाइप, दोन आयसोलेशन व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनर मिळून 10 खातात. एकूण 35.

आता शाखेच्या तोंडाशी दाब किती मिळतो ते पाहायचे. पंपाला व्हीएफडी आहे आणि दाबाचा सेन्सर सर्वात दूरच्या शाखेवर बसवला असून तिथे 70 किलोपास्कल राखले जातात. आपला एएचयू पंपाजवळ आहे. सगळी इमारत पूर्ण भारावर चालते तेव्हा मधल्या मुख्य पाइपांत 20 किलोपास्कल खर्च होतात, म्हणून जवळच्या शाखेला 90 मिळतात. (गेजच्या भाषेत हे 0.9 किलो, पाण्याच्या स्तंभात नऊ मीटर.) रात्री भार कमी झाला की मुख्य पाइपांतला खर्च जवळजवळ संपतो आणि इथेही 70 च्या आसपासच दाब उरतो. त्या वेळी पूर्ण प्रवाह लागतही नाही.

90 मधून 35 वजा जाता 55 उरतात, आणि ते सगळे व्हॉल्व्हला द्यायचे. केव्ही येतो 11 भागिले 0.55 चे वर्गमूळ, म्हणजे 14.8. कॅटलॉगमधली शिडी साधारण 6.3, 10, 16, 25, 40, 63 अशी चढते, म्हणून 16 कडे बोट जाते. बहुतेक कंपन्यांकडे केव्हीएस 16 चा व्हॉल्व्ह 32 मिमीचा असतो, सव्वा इंची. तो अडीच इंची पाइपात बसवायला दोन्ही बाजूंना रिड्यूसर लागतात आणि रिड्यूसरही थोडा दाब खातात. 65 वरून 32 वर येताना परिणामी केव्ही सुमारे सहा टक्क्यांनी घटतो आणि 16 चे 15 होतात. इथे ही घट पथ्यावरच पडते: 15 केव्हीवर 11 घनमीटर पाण्याला 54 किलोपास्कल लागतात, शाखेची बेरीज 89 होते आणि ऑथॉरिटी 0.6. बॅलन्सिंग व्हॉल्व्हला खायला काही उरत नाही; तो जवळजवळ पूर्ण उघडा ठेवायचा.

पाइपाएवढाच, 65 मिमीचा व्हॉल्व्ह घेतला असता तर त्याचा केव्हीएस 63 आला असता. त्यावर 11 घनमीटर पाण्याला फक्त 3 किलोपास्कल पडतात. उरलेले 52 बॅलन्सिंग व्हॉल्व्ह आवळून मारावे लागतात. कागदावर प्रवाह बरोबर 11 येतो, बॅलन्सिंगचा अहवालही स्वच्छ निघतो. ऑथॉरिटी मात्र 3 भागिले 90, म्हणजे 0.03. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह जो दाब खातो तो कंट्रोल व्हॉल्व्हच्या वाट्याचा असतो, ही गोष्ट साइटवर सर्वात जास्त दुर्लक्षिली जाते. आणि बॅलन्सिंग केलेच नाही, तर उघड्या व्हॉल्व्हमधून तासाला 11 ऐवजी 17 घनमीटर पाणी धावते. कॉइल त्यातून किंचितच जास्त गारवा देते, पाणी साडेपाचऐवजी चार अंशांच्या आसपासच तापून परत जाते, आणि दूरच्या शाखांना पाणी कमी पडते. प्लांटरूममध्ये मग दुसरा पंप, दुसरा चिलर सुरू केला जातो, जरी पहिल्याची क्षमता अजून शिल्लक असते.

0.6 आणि 0.03 यांतला फरक व्हॉल्व्हच्या दांड्याच्या प्रवासात दिसतो. कॉइल स्वभावाने सरळ रेषेत वागत नाही. निम्म्या पाण्यावर ती सुमारे तीन-चतुर्थांश गारवा देते, वीस टक्के पाण्यावर साधारण पंचेचाळीस टक्के. सुरुवातीचे थोडे पाणीच बहुतेक काम करून जाते. याला उतारा म्हणून इक्वल पर्सेंटेज जातीचा व्हॉल्व्ह वापरतात. तो सुरुवातीला हळू आणि शेवटी झपाट्याने उघडतो, म्हणजे कॉइल आणि व्हॉल्व्ह मिळून दांड्याचा प्रवास आणि गारवा यांचे प्रमाण सरळ व्हावे. 50 ची रेंजेबिलिटी असलेला असा व्हॉल्व्ह निम्मा उघडला की त्याचा केव्ही पूर्ण केव्हीच्या 14 टक्के असतो.

शाखेत बसवल्यावर मात्र त्याचे वागणे ऑथॉरिटीप्रमाणे बदलते. 0.6 ऑथॉरिटीवर निम्म्या उघड्या व्हॉल्व्हमधून 18 टक्के पाणी जाते, म्हणजे सुमारे 40 टक्के गारवा. 70 टक्के उघडला की 39 टक्के पाणी, म्हणजे 65 टक्क्यांच्या आसपास गारवा. बऱ्यापैकी सरळ चढ मिळतो. 0.03 वर तोच व्हॉल्व्ह 20 टक्के उघडताच 23 टक्के पाणी सोडतो, 30 टक्क्यांवर 33 आणि निम्म्यावर 61. इक्वल पर्सेंटेजचा स्वभाव संपला, तो लिनियर व्हॉल्व्ह झाला. गारव्याचा जवळजवळ निम्मा भाग दांड्याच्या पहिल्या पाचव्या हिश्शातच उरकतो आणि वरचा निम्मा प्रवास वाया जातो.

डिसेंबरच्या रात्री भार दहा-पंधरा टक्के असतो तेव्हा असा व्हॉल्व्ह सीटला जवळजवळ टेकलेला असतो. कंट्रोलर त्याला एक टक्का सरकवतो आणि हवेचे तापमान अर्धा-पाऊण अंश उडी मारते. मग तो उलटा सरकवतो. बीएमएसच्या ट्रेंडवर पुरवठा हवेच्या तापमानाची करवतीसारखी रेषा दिसते आणि व्हॉल्व्हची स्थिती 5 ते 15 टक्क्यांत झोके घेत राहते. हेच हंटिंग. अॅक्च्युएटरचे गिअर झिजतात, बारीक फटीतून वेगाने जाणाऱ्या पाण्याने सीट कापली जाते आणि पुढे बंद व्हॉल्व्हमधूनही पाणी गळते. पावसाळ्यात वेगळाच त्रास होतो. हवा कोरडी करण्यासाठी कॉइल सतत थंड राहायला हवी. व्हॉल्व्ह झोके घेऊ लागला की कॉइलचा पृष्ठभाग मधूनमधून दवबिंदूच्या वर जातो, पत्र्यांवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि शस्त्रक्रियागृहाची आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर सरकते. तक्रार आर्द्रतेची म्हणून नोंदवली जाते आणि हीटर तपासले जातात. पीआयडीचे आकडे ढिले करूनही हंटिंग थोडे शांत होते, पण मग भर दुपारी तोच कंट्रोलर सुस्त पडतो.

चालू असलेल्या प्लांटमध्ये हे ओळखायला फ्लोमीटर लागत नाही. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना टेस्ट पॉइंट असावेत आणि दोन्हींना कॉक लावून एकच गेज जोडावा. दोन गेज वापरले तर त्यांच्या आपसातल्या फरकातच 3 किलोपास्कल हरवतात. व्हॉल्व्ह बंद करून फरक वाचायचा, पूर्ण उघडून पुन्हा वाचायचा आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचे. दोन्ही वाचने प्लांट नेहमीच्या भारावर असताना घ्यावीत. मध्यरात्री सगळ्या शाखा बंद असताना घेतलेले वाचन प्लांट कसा चालवला जातो त्याप्रमाणे फसवू शकते.

सेन्सरची जागा इथे महत्त्वाची ठरते. तो दूरच्या शाखेऐवजी पंपाच्या तोंडाशीच बसवून 90 किलोपास्कल स्थिर ठेवले, तर भार कमी होताच मुख्य पाइपांतला खर्च घटतो आणि दूरच्या शाखेवर 70 ऐवजी 90 च्या जवळ दाब येतो. तिथला बंद व्हॉल्व्ह जास्त दाबाला तोंड देतो आणि त्याची ऑथॉरिटी घटते. पंपाची वीज जास्त जाते ती वेगळीच.

त्या दूरच्या शाखेवर असाच 20 टनांचा एएचयू असेल तर निवड इतकी सोपी नसते. तिथे 70 मधून 35 गेले की व्हॉल्व्हला 35 उरतात आणि केव्ही 18.6 हवा, जो शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये पडतो. केव्हीएस 16 घेतला तर रिड्यूसर धरून प्रवाह 90 टक्क्यांच्या जरा खाली राहतो, पण कॉइलचा स्वभाव मदतीला येतो आणि गारवा 95 टक्क्यांच्या आसपास मिळतो. केव्हीएस 25 म्हणजे 40 मिमीचा, दीड इंची व्हॉल्व्ह. तो घेतला तर त्यावर 21 किलोपास्कल पडतात, उरलेले 14 बॅलन्सिंग व्हॉल्व्ह खातो आणि ऑथॉरिटी 0.3 येते. दोन्ही चालतात. कॉइलमध्ये थोडी क्षमता शिल्लक ठेवली असेल, आणि बहुतेक डिझाइनर ती ठेवतात, तर 16 घ्यावा. शस्त्रक्रियागृहासारखी जागा असेल आणि कॉइल अगदी काठावर मोजलेली असेल तर 25. 'थोडा मोठा बरा' म्हणून 40 कडे जाण्याला मात्र आधार नाही. पूर्ण भारावर त्यातून काही मिळत नाही आणि कमी भारावर सगळे हातचे जाते.

जुन्या प्लांटमध्ये थ्री-वे व्हॉल्व्ह असतात. तिथे मुख्य पाइपांत प्रवाह जवळपास स्थिर असतो आणि बदलतो तो फक्त कॉइलमधला. म्हणून हिशेबात फक्त कॉइल आणि तिच्यालगतचे पाइप धरायचे: व्हॉल्व्हने कॉइलइतका तरी दाब खाल्ला तर ऑथॉरिटी 0.5. आपल्या कॉइलला 25 किलोपास्कल आणि 11 घनमीटर म्हणजे केव्ही 22.

प्रेशर-इंडिपेंडंट व्हॉल्व्ह हा सगळा हिशेब पोटात घेऊन येतो. त्याच्या आतला दाब-नियामक कंट्रोल भागावरचा दाब स्थिर ठेवतो, त्यामुळे ऑथॉरिटी जवळजवळ 1 राहते आणि निवड फक्त प्रवाहावरून होते. पन्नास एएचयूंच्या, जवळ-दूरच्या शाखांत मोठी तफावत असलेल्या इमारतीत तो किमतीच्या लायकीचा ठरतो. दोन-चार एएचयूंच्या रुग्णालयात नीट निवडलेला साधा व्हॉल्व्ह तेच काम कमी पैशात करतो. शिवाय प्रेशर-इंडिपेंडंट व्हॉल्व्हला स्वच्छ पाणी लागते. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे कूलिंग टॉवरने रोज पाणी उडवण्यापेक्षा एअर-कूल्ड चिलर बसवणे शहाणपणाचे, आणि चिल्ड वॉटरचा बंद फेरा टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यानेही एकदा भरला की महिनोन्महिने तेच पाणी फिरते. थंड पाण्यात क्षारांचे थर फारसे धरत नाहीत. त्रास देतो तो भरताना आलेला गाळ, वेल्डिंगचा कीट आणि पाइपांतला गंज. स्ट्रेनर तुंबून 10 ऐवजी 30 किलोपास्कल खाऊ लागला की साध्या व्हॉल्व्हचा प्रवाह घटतो, तर प्रेशर-इंडिपेंडंट व्हॉल्व्हच्या आतल्या बारीक वाटाच अडकतात. पहिल्या महिन्यात स्ट्रेनर दोन-तीनदा काढून धुणे हा कमिशनिंगचाच भाग धरावा.

मोठा व्हॉल्व्ह आधीच बसला असेल आणि बदलायला पैसे नसतील तर एक तात्पुरता उपाय आहे. कंट्रोलरमध्ये केव्हीएस 63 च्या व्हॉल्व्हची कमाल उघड 63 टक्क्यांवर रोखली, की त्या जागी त्याचा केव्ही 15 भरतो. त्याच वेळी आवळलेला बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा, नाहीतर दोघे मिळून प्रवाह गुदमरवतील. अशाने ऑथॉरिटी 0.6 वर येते. पण उरलेल्या प्रवासातली रेंजेबिलिटी 50 वरून 12 वर घसरते आणि हिवाळ्याच्या रात्री व्हॉल्व्ह पुन्हा सीटजवळ लोंबकळतो. भर दुपारचा त्रास मिटतो, पहाटेचा पूर्ण मिटत नाही.

नव्या कामात खरेदीच्या आदेशावर फक्त 'अडीच इंची कंट्रोल व्हॉल्व्ह' असे लिहू नये. प्रवाह 11 घनमीटर प्रतितास, केव्हीएस 16, इक्वल पर्सेंटेज, 32 मिमी, दोन्ही बाजूंना 65 बाय 32 चे रिड्यूसर, आणि अॅक्च्युएटरचा क्लोज-ऑफ दाब पंपाच्या शटऑफ हेडपेक्षा जास्त, असे प्रत्येक एएचयूसाठी वेगळे लिहावे. साइटवर फिटर सव्वा इंची व्हॉल्व्ह पाहून तो चुकून आला असे म्हणेल आणि परत पाठवायला निघेल. म्हणून हिशेबाचा कागद प्लांटरूममध्येच लावून ठेवावा.